साठ टक्के, पण कशाचे?

2023च्या जूनमध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवरच्या एका खटल्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचा एक दस्तऐवज न्यायालयात दाखल झाला. त्यातले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडून मग कागद स्कॅन केलेले होते. पडद्यावर मात्र शाईखालचे आकडे सरळ वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमवर सुमारे 22 कोटी डॉलर खर्च झाला, ही कंपनीने जपलेली गोष्ट अशी जगजाहीर झाली.

एवढी मोठी कंपनी जिथे फसली, तिथे आता एकटादुकटा नोकरदारही रोज पाय ठेवतो. एखादा प्रकल्प तडीस गेला की त्याची आठ-दहा स्लाइडची मालिका करून लिंक्डइनवर टाकायची, म्हणजे पुढची नोकरी देणाऱ्याला किंवा नव्या ग्राहकाला आपले काम दिसते. पण काम दिसायचे तर निकाल दाखवावा लागतो, आणि निकालाचे आकडे बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचे असतात. नोकरी सोडली तरी गोपनीयतेच्या कराराचे बंधन सहसा सुटत नाही.

यातून वाट कशी निघते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चाकणमधल्या प्रेसशॉपमध्ये एका इंजिनिअर तरुणीने डाय बदलायचा वेळ 95 मिनिटांवरून 38 मिनिटांवर आणला. पद्धत जुनीच, जपानच्या शिगेओ शिंगो यांनी रूढ केलेली: प्रेस थांबल्यावरच करता येतील ती कामे वेगळी काढायची आणि बाकीची सगळी प्रेस चालू असतानाच उरकून घ्यायची. पद्धत सर्वांना माहीत असल्याने ती सांगायला कुणाची हरकत नसते. पण 95 आणि 38 हे आकडे मिळाले, की प्रतिस्पर्धी त्या प्रेसची क्षमता काढू शकतो आणि ग्राहक पुढच्या वाटाघाटीत दर कमी करून मागू शकतो.

पहिला उपाय निर्देशांकाचा. जुना एकूण वेळ 100 धरायचा. त्यात डाय शोधून क्रेनने आणण्यात 35, बोल्ट सोडण्या-कसण्यात 25 आणि जुळवणी व चाचणीचे नग काढण्यात 40 गेले. सुधारणेनंतर हेच भाग 5, 10 आणि 25 झाले, म्हणजे एकूण 40. या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकही मिनिट न सांगता वाचकाला कळते, की सगळ्यात मोठी बचत शोधाशोध थांबल्यामुळे झाली आणि जुळवणीचे दुखणे अजून पुरते गेलेले नाही. ‘आकडे निर्देशांकात, सुरुवातीचा वेळ = 100’ ही ओळ मात्र स्लाइडवरच असावी. ती नसेल, तर कुणी 100 म्हणजे मिनिटेच समजेल. खरे आकडे लपवण्यासाठी खोटे आकडे टाकणे तर त्याहून वाईट. मुलाखतीत दोन प्रश्न खोलात विचारले, की ते उघडे पडते.

गळती होते ती बहुधा दोन निरुपद्रवी स्लाइडच्या बेरजेतून. सहाव्या स्लाइडवर ‘वेळ 60 टक्क्यांनी कमी’ असे आहे आणि आठव्यावर कौतुकाच्या भरात ‘दर खेपेला 57 मिनिटे वाचली’ असे लिहिले, तर 57 भागिले 0.6 करून कुणीही 95 काढतो. आलेखाचेही तसेच. अक्षावरचे आकडे पुसले, पण एका पट्टीवर खरा आकडा राहिला, तर बाकीच्या पट्ट्या फूटपट्टीने मोजून त्यांचेही आकडे मिळतात. म्हणून एका मालिकेत टक्के तरी द्यावेत किंवा मिनिटे तरी, दोन्ही नकोत.

दशांशाचा मोहही आवरावा लागतो. ‘42.9 टक्के ग्राहकांनी करार वाढवला’ हे वाक्य काटेकोर दिसते, पण छोट्या कंपनीच्या बाबतीत ते सातापैकी तीन असे उलगडते, आणि एकूण ग्राहक सातच असल्याचे बाहेर पडते. ‘निम्म्याहून थोडे कमी’ एवढे पुरते.

मग आकडे नसताना कौशल्य दिसते कुठे? निर्णयांत. त्या इंजिनिअरच्या मालिकेतली सर्वांत भारी स्लाइड निकालाची नव्हे, चौथी. झटपट आवळता येणारे क्लॅम्प आणायचे ठरले, पण प्रत्येक डायच्या तळाच्या प्लेटची जाडी निराळी. दर वेळी क्लॅम्पची उंची बदलत बसले असते, तर वाचलेला वेळ तिथेच गेला असता. म्हणून क्लॅम्प घेण्याआधी पातळ प्लेटवर ठोकळे बसवून सगळ्यांची जाडी एकसारखी केली. पाचव्या स्लाइडवर न जमलेले काम: काही जुन्या डायना ठोकळे बसवायला जागाच नव्हती, त्या आजही जुन्याच पद्धतीने बसतात. प्रेसशॉपमधला जाणकार या दोन स्लाइड वाचतो आणि ओळखतो, की ही व्यक्ती खरोखर मशिनपाशी उभी होती. त्यांत ग्राहक, नग किंवा दर यांचा उल्लेखही लागत नाही. ‘मी काय केले आणि टीमने काय केले’ याची एक स्लाइड जोडली, की श्रेयाचा प्रश्नही मिटतो.

फोटोंचे मात्र दुरून भागत नाही, ते मोठे करूनच पाहावे लागतात. डायवर पार्ट नंबर कोरलेला असतो, मागच्या फळ्यावर दिवसाचे उत्पादन खडूने लिहिलेले असते, प्रेसच्या पाटीवर टनेज असते. फोटोऐवजी स्वतः काढलेले साधे रेखाचित्र बरे. नेमके दाखवायचे तेवढेच त्यात येते.

खरा दगा फाइलच्या पोटात असतो. लिंक्डइनवर सरकवत पाहायची अशी मालिका सहसा पीडीएफ किंवा पॉवरपॉइंट फाइल म्हणून चढवतात, आणि पाहणाऱ्याला ती पीडीएफ म्हणून उतरवून घेता येते. पीडीएफमध्ये आकड्यावर काळा चौकोन ठेवला, तरी खालचा मजकूर तसाच राहतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. जानेवारी 2019मध्ये पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदांचे नेमके हेच झाले. पॉवरपॉइंटमध्ये एक्सेलचा आलेख चिकटवताना कधी कधी अख्खी वर्कबुक आत येऊन बसते, आणि कापलेल्या फोटोचा कापलेला भागही फाइलमध्ये राहू शकतो. ती फाइल सहकाऱ्याला तपासायला पाठवली, तरी हे सगळे तिच्याबरोबर जाते.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. आकडा झाकायचा नाही, काढून टाकायचा. आलेख निर्देशांकाच्या आकड्यांवरून कोऱ्या फाइलमध्ये नव्याने काढायचा. प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून साठवायची आणि त्या चित्रांचीच पीडीएफ बांधायची. मग ती उघडून Ctrl+A, Ctrl+C करून नोटपॅडमध्ये चिकटवायचे: काहीच उमटले नाही, तर आत मजकूर शिल्लक नाही. शेवटी फाइलचे गुणधर्म पाहायचे, कारण लेखकाच्या किंवा शीर्षकाच्या रकान्यात ग्राहकाचे नाव असलेले जुने शीर्षक राहून जाते.

यानंतर फाइल साहेबांना दाखवून ईमेलवर होकार घ्यावा. ‘प्रकल्पाबद्दल लिहू का?’ असे मोघम विचारले, तर होकार मिळाला तरी तो नेमका कशाला हे ठरत नाही. तयार स्लाइडच समोर ठेवल्या, तर ‘ही तिसरी काढ, बाकी चालेल’ असे ठोस उत्तर येते. हे पोस्ट टाकण्याआधीच व्हायला हवे. नंतर चूक सापडली तर पोस्ट काढून टाकता येते, पण तोवर ज्यांनी पीडीएफ उतरवून घेतली, त्यांच्याकडची प्रत परत घेता येत नाही.