रिजेक्शन घटलं तरी तपासा

ओतकामाच्या कारखान्यात रिजेक्शनचा आकडा खाली आला की सगळ्यांनाच हायसं वाटतं. पण तपासणी कॅमेरा आणि संगणकाचं मॉडेल करत असेल, तर घटलेल्या आकड्याकडेही वाढलेल्या आकड्याइतक्याच संशयाने पाहायला हवं. शॉट ब्लास्टिंगची बारीक धूळ कॅमेऱ्याच्या भिंगावर साचते, चित्र किंचित धूसर होतं आणि बारीकसं पिनहोल त्यात हरवून जातं. मॉडेल ते कास्टिंग ‘चांगलं’ म्हणून पुढे सोडतं. दोष तेवढेच असतात, फक्त तक्रार आता ग्राहकाकडून येणार असते.

अशी मॉडेलं कशावर शिकतात, हे पाहायला एक खुला नमुना उपलब्ध आहे. राजकोटजवळच्या शापर इथल्या पायलट टेक्नोकास्ट या कारखान्यातल्या सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरचे फोटो ‘कॅगल’ या संकेतस्थळावर कुणालाही वापरता येतात. त्यातल्या एका संचात १,३०० फोटो आहेत: ७८१ सदोष, ५१९ चांगले. सगळे वरून काढलेले आणि सारख्या, स्थिर उजेडातले. शिकवण्यासाठी हे सोयीचं आहे, पण चालत्या कारखान्यात दर शंभरात साठ कास्टिंग सदोष निघत नाहीत आणि उजेडही वर्षभर तसाच राहत नाही. मॉडेलला ठाऊक असतं ते शिकतानाच्या फोटोंपुरतंच. प्रत्यक्षातली चित्रं हळूहळू त्यापासून दूर सरकत जातात, त्याला या क्षेत्रात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

ड्रिफ्ट दिसला की ‘मॉडेल पुन्हा शिकवा’ अशी घाई होते. बहुतेक वेळा ती चुकीची ठरते, कारण आधी शोधायचं असतं ते सरकलं काय: कॅमेरा, माल की मालाची व्याख्या.

त्यासाठीचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मास्टर पीस. दहा-बारा कास्टिंग जपून ठेवायची. काही निर्दोष, काहींवर माहितीतले दोष आणि दोन-तीन अगदी सीमेवरची. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तीच कॅमेऱ्याखालून काढायची आणि मॉडेलने दिलेले स्कोअर नोंदवायचे. मॉडेल तेच, कास्टिंगही तीच. मग स्कोअर सरकले तर बदल भिंगात, दिव्यात, फोकसमध्ये किंवा कास्टिंग बसवण्याच्या फिक्स्चरमध्ये झालेला आहे. अशा वेळी भिंग पुसावं, दिवा बदलावा, सैल झालेला कॅमेरा जागेवर आणावा. धूसर चित्रांवर मॉडेल शिकवणं म्हणजे बिघाडालाच नियम ठरवणं, आणि भिंग पुसल्या दिवशी ते मॉडेल पुन्हा चुकू लागेल. मास्टर पीसही गंजतात, हाताळून घासतात. म्हणून ते तेल लावून ठेवावेत, कॅमेऱ्याखाली धरण्याआधी पुसावेत आणि दर काही महिन्यांनी माणसाकडून तपासून घ्यावेत.

मास्टर पीस ठीक आहेत, पण रोजचा आकडा हललाय, तेव्हा काय? कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीचं कल्पित उदाहरण घेऊ. रोज २,००० कास्टिंग कॅमेऱ्याखालून जातात आणि सरासरी दोन टक्के, म्हणजे ४०, बाजूला पडतात. एके दिवशी ५२ पडली. घाबरायचं का? १९२४ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी मांडलेला कंट्रोल चार्ट इथे आजही कामाला येतो. त्या हिशेबाने निव्वळ योगायोगाने होणारी रोजची वरखाली साधारण २१ ते ५९ या पट्ट्यात राहते. त्यामुळे एकट्या ५२ला अर्थ नाही, ६४ला आहे, आणि १८लाही तितकाच आहे. सलग आठ दिवस आकडा सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तर पट्ट्याच्या आत असूनही तो इशाराच समजतात.

पण कास्टिंग बिघडलं की मॉडेल बिघडलं, हे चार्टवरून कळत नाही. पावसाळ्यात ६४ पडली असतील, तर कदाचित मॉडेलचं म्हणणं बरोबरच असेल. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली, की वितळलेल्या धातूच्या उष्णतेने तिची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. तिथे संगणकाला हात न लावता सँड प्लांटला फोन करायचा असतो.

खरं-खोटं ठरवायला माणसाचीच नजर लागते, तीही आंधळ्या पद्धतीने. मॉडेलने नाकारलेली सगळी ६४ कास्टिंग आणि त्याने पास केलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून उचललेली ३०० एकत्र मिसळायची आणि मॉडेलचा निकाल न सांगता अनुभवी तपासनिसापुढे ठेवायची. पास झालेली कास्टिंग पुन्हा पाहणं ही या कामातली सर्वांत टाळली जाणारी आणि सर्वांत गरजेची पायरी आहे. नाकारलेलं कास्टिंग कुणीतरी हातात घेतंच, सुटून गेलेल्या दोषाकडे मात्र कुणीच पाहत नसतं. त्या ३००मध्ये एकही दोष सापडला नाही, तर सुटणारे दोष एक टक्क्याच्या आत आहेत असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. त्याहून जास्त काही म्हणता येत नाही. हजारात एक इतकी खात्री हवी असेल, तर ३,००० कास्टिंग पाहावी लागतील.

आता समजा, तपासनिसाने ६४पैकी २५ कास्टिंग चांगली ठरवली. उरलेली ३९ म्हणजे नेहमीचाच आकडा. त्या २५ वर नजर टाकली, तर सगळ्यांचा पृष्ठभाग जरा जास्त खरबरीत दिसतो आणि चौकशी केल्यावर कळतं, की ब्लास्टिंग मशीनमध्ये मोठ्या आकाराचे शॉट भरलेत. मॉडेल त्या खरबरीतपणालाच पिनहोल समजतंय. हा खरा ड्रिफ्ट. तरीही एक प्रश्न उरतो: हे शॉट कायमचे की एका खेपेपुरते? खेपेपुरते असतील, तर तेवढे दिवस नाकारलेली कास्टिंग माणसाने पुन्हा पाहणं स्वस्त पडतं. खरेदीच बदलली असेल, तर फोटो जमवायला त्याच दिवशी सुरुवात करावी.

जमवताना फक्त नाकारलेले फोटो घेतले, तर मॉडेल एकांगी शिकतं. पास झालेले, सीमेवरच्या स्कोअरचे, वेगवेगळ्या पाळ्यांतले असे सगळे हवेत. दोन तपासनिसांनी स्वतंत्रपणे निकाल द्यावा आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावेत. तपासनिसांमध्येच वारंवार मतभेद होत असतील, तर आधी ‘किती मोठं पिनहोल चालतं’ हे ग्राहकाशी बोलून लिहून घ्यायला हवं. ती मर्यादा बदलली असेल, तर जुन्या फोटोंवरचे शिक्केही पुन्हा तपासावे लागतात. शिकवायचे आणि परीक्षेचे फोटो हीटनुसार वेगळे ठेवावेत. एकाच हीटची, म्हणजे भट्टीच्या एकाच खेपेच्या धातूची, कास्टिंग दोन्हीकडे गेली, तर मॉडेलने जणू पेपर आधीच पाहिलेला असतो.

नवं मॉडेल जुन्या फोटोंच्या परीक्षेतही पास व्हायला हवं, कारण नवा पृष्ठभाग शिकताना जुना दोष विसरल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून जुने फोटो नव्यांबरोबर मिसळूनच शिकवतात. त्यानंतर काही दिवस दोन्ही मॉडेलं एकाच कॅमेऱ्यावर चालवायची. निर्णय जुन्याचा चालतो, नव्याचा फक्त नोंदला जातो आणि जिथे दोघांचं पटत नाही ती कास्टिंग तपासनिसाकडे जातात. नव्याकडे सूत्रं दिल्यावरही जुन्याची फाइल पुसू नये. मास्टर पीसचे स्कोअर नव्याने नोंदवावेत आणि कंट्रोल चार्टचा पट्टाही पुन्हा आखावा, कारण २१ ते ५९ ही मर्यादा जुन्या मॉडेलच्या सरासरीवर बेतलेली होती.