दोन रंगांची बेरीज कळते, वजाबाकी कळत नाही

एका द्रावणात दोन रंगद्रव्ये मिसळली आहेत. प्रत्येकाचे प्रमाण किती, हे प्रकाशशोषण मोजून काढायचे आहे. अडचण अशी की दोघांचे गुण जवळजवळ सारखेच. तीन तरंगलांबींवर पहिल्याचे शोषण 1, 1, 1 आणि दुसऱ्याचे 1, 1.01, 0.99. दोन्हींचे खरे प्रमाण एकेक एकक असेल, तर यंत्राने 2, 2.01, 1.99 दाखवायला हवे.

यंत्र मात्र 0.01 ने चुकते आणि तिन्ही ठिकाणी 2 दाखवते. लघुतम वर्ग पद्धत या आकड्यांतून उत्तर काढते: पहिले 2, दुसरे 0. वाचन 2, 2.04, 1.96 आले तर पहिल्याचे प्रमाण उणे 2 आणि दुसऱ्याचे 4! गणितात चूक नाही. प्रश्नच नाजूक आहे.

हा नाजूकपणा सिंग्युलर व्हॅल्यू विघटनात उघडा पडतो. इथे दोन सिंग्युलर किमती मिळतात: सुमारे 2.45 आणि 0.01. मोठी किंमत दोन प्रमाणांच्या बेरजेची, लहान त्यांच्या फरकाची. मूर आणि पेनरोझ यांच्या नावाने ओळखला जाणारा छद्मव्यस्त मॅट्रिक्स प्रत्येक किमतीने भागत जातो. 0.01 ने भागणे म्हणजे शंभराने गुणणे, त्यामुळे यंत्राची बारीकशी चूकही शंभरपट फुगते.

यावर उपाय म्हणजे ती लहान किंमत वगळणे. तिचा व्यस्त घ्यायचाच नाही, त्या जागी शून्य ठेवायचे. पायथनमध्ये ते असे:

```
x = np.linalg.pinv(A, rcond=0.01) @ b
```

`rcond` ही सर्वांत मोठ्या किमतीच्या तुलनेत धरलेली मर्यादा. 0.01 भागिले 2.45 म्हणजे सुमारे 0.004, म्हणून लहान किंमत गळते. आता वाचन 2, 2, 2 असो वा 2, 2.04, 1.96, उत्तर जवळपास 1 आणि 1 येते.

पण याची किंमत मोजावी लागते. खरी प्रमाणे 1.5 आणि 0.5 असती तरी उत्तर 1 आणि 1 हेच आले असते. फरकाविषयीची माहिती आपण टाकून दिली आणि त्या जागी दोघे समान असल्याचे गृहीत धरले.

मग छाटायचे कधी? प्रमाणे साधारण एककाच्या घरातली असतील, तर फरकाचा वाचनावरचा ठसा सुमारे 0.01 एवढाच पडतो. यंत्राची चूकही तेवढीच असेल तर ठसा तिच्यात बुडतो आणि छाटणे रास्त ठरते. यंत्र 0.0001 पर्यंत अचूक असेल तर शंभरपट फुगूनही चूक 0.01 च्या आसपास राहते. तेव्हा छाटणे म्हणजे हातातली चांगली माहिती फेकणे.

`pinv` ची मूळ मर्यादा फार लहान असते. ती संगणकाच्या पूर्णांकनातील चुका आवरते, प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या चुका तिला माहीत नसतात. त्या जाणून मर्यादा ठरवण्याचे काम मोजमाप करणाऱ्याचेच.