राखीव निधी आहे, मग रोकड कुठे आहे?



ऊस नोंदीसाठी गटात फिरताना आम्हास एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "साहेब, अहवालात राखीव निधी एवढा मोठा, मग बिलाला पैसे नाहीत म्हणता ते कसे?" मुंबईला घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे राहणारी आपली मुले तर जास्तच जोरात विचारतात. त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीत सिंकिंग फंड असतो, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का, आणि त्याच्या ठेवपावत्या बँकेत असतात. त्यांना वाटते कारखान्याचेही तसेच असावे.

तसे नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 66 प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, पण तो संस्थेच्या धंद्यात वापरण्याची मुभा त्याच कलमात आहे. म्हणजे निधी ही नुसती नोंद आहे. आजवर किती नफा वाटला नाही, एवढेच ती सांगते. पैसा कशात गेला हे ती सांगत नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून एक कारखाना मनाने धरू. राखीव निधी 30 कोटी. गोदामात 5 लाख क्विंटल साखर, मूल्यांकन क्विंटलला 3,000 रुपये. बँक तारणावर 85 टक्के उचल देते, म्हणजे 2,550. उरलेले 450 रुपये कारखान्याने स्वतःचे घालायचे. पाच लाख क्विंटलला हे साडेबावीस कोटी झाले. आणखी 7 कोटी बॉयलरात गेले. खात्यावर राहिले 50 लाख. निधी तीस कोटींचा खराच आहे, पण तो पोत्यांत आणि लोखंडात आहे. आपण चार वर्षांची शिल्लक ठिबकच्या नळ्यांत घातली, तर ती पासबुकात कशी दिसणार?

खरी पंचाईत दर पडल्यावर होते. साखर 2,800 वर आली की बँकेची उचल 2,380 वर येते आणि क्विंटलमागे 170 रुपये परत मागितले जातात. साडेआठ कोटी! खात्यावर तर 50 लाख. ऊस नियंत्रण आदेश 1966 मात्र उसाचे पैसे चौदा दिवसांत द्या म्हणतो. अशा वेळी निधीचा आकडा दाखवून बिल निघत नाही. साखर विकली तरी बँक आधी आपली उचल वळती करून घेते, आणि उरलेल्यातून तोडणी-वाहतुकीच्या आगाऊ रकमा जातात.

तेव्हा ताळेबंद हाती आला की निधी पाहून थांबू नका. तो भांडवल व देण्यांच्या बाजूला असतो. समोर मालमत्तेच्या बाजूला 'रोख व बँक शिल्लक' आणि 'गुंतवणूक' पाहा. गुंतवणुकीत ठेवपावत्या असतील तर तेवढा निधी खरोखर रोकडीजवळचा. मग साखरसाठा आणि त्यावरचे तारण कर्ज शेजारी मांडून वजाबाकी करा. यंदाच्या सभेत हा प्रश्न विचारायचा असेल, तर या वजाबाकीचा आकडा हाती घेऊनच विचारा.