ई-पुस्तकालाही रांग का लागते?

सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांची पंचाईत ठरलेली असते. बॅगेतून नेलेली चार पुस्तकं पहिल्या महिन्यातच संपतात आणि डॉलरचे रुपये करून पाहायची सवय काही सुटत नाही. पंधरा डॉलरचं ई-पुस्तक म्हणजे बाराशे रुपयांच्या वर! तेवढ्यात सून तिच्या ग्रंथालयाचं कार्ड ‘लिबी’ नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकते आणि फोन आजोबांच्या हाती देते. एकच कार्ड दोन-तीन फोनवर चालतं, त्यामुळे वेगळं सभासदत्व घ्यावं लागत नाही.

क्लीव्हलंडच्या ‘ओव्हरड्राइव्ह’ कंपनीने २०१७ मध्ये हे अ‍ॅप आणलं. पुस्तकं मात्र अ‍ॅपची नसतात, ती त्या त्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतलेली असतात. म्हणून अ‍ॅप भारतात बसून उतरवून घेतलं, तरी सहभागी ग्रंथालयाचं कार्ड नसेल तर त्यात वाचायला काही मिळत नाही.

आजोबा गाजत असलेली एखादी कादंबरी शोधतात, तर समोर ‘Place Hold’ असं बटण. म्हणजे नंबर लावा. फाइलच्या हव्या तितक्या प्रती निघत असताना रांग कसली? कारण ग्रंथालय फाइल विकत घेत नाही, परवाना घेतं. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. गाजलेल्या पुस्तकाच्या अशा एका परवान्याला ग्रंथालय अनेकदा ५० डॉलरहून जास्त मोजतं आणि बऱ्याचदा तो दोन वर्षांनी संपतो. हार्परकॉलिन्सने तर २०११ मध्ये एक प्रत २६ वेळाच देता येईल, असा नियम केला. त्यानंतर ग्रंथालयाने ती पुन्हा घ्यायची. कागदी पुस्तक झिजतं, मग हेही झिजलं पाहिजे, असा हा व्यापारी न्याय!

रांग किती लांब आहे, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. अ‍ॅपमध्ये ग्रंथालयाकडे किती प्रती आहेत आणि किती जण थांबलेत, हे दिसतं. समजा, ८ प्रती आहेत आणि आजोबांचा नंबर ६४ वा आहे. पुस्तक २१ दिवसांसाठी मिळतं. ६४ भागिले ८, म्हणजे आठ फेऱ्या. आठ गुणिले तीन आठवडे, म्हणजे २४ आठवडे. तोवर आजोबांची परतीची तारीख जवळ आलेली असेल! काही जण लवकर वाचून पुस्तक परत करतात, त्यामुळे वाट थोडी कमी पाहावी लागते, पण भरवसा नाही. त्याच लेखकाच्या दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला मात्र बहुधा रांग नसते, ते लगेच मिळतं. सराईत वाचक नव्या पुस्तकांसाठी नंबर लावून ठेवतो आणि तोवर जुनी वाचतो.

घोटाळा होतो तो वेगळाच. लावलेले तीन नंबर एकाच आठवड्यात लागतात. नंबर लागल्यावर पुस्तक घ्यायला साधारण तीन दिवस मिळतात. तेवढ्यात वेळ नसेल तर रद्द करायची घाई करू नये. ‘Deliver Later’ निवडलं, की पुस्तक पुढच्या वाचकाकडे जातं आणि आपला नंबर शाबूत राहतो. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे उशिराचा दंड हा प्रकारच नाही. शेवटची वीस पानं राहिली असतील आणि मागे कुणी थांबलेलं असेल, तर मात्र मुदत वाढवून मिळत नाही. पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मायदेशी परतल्यावर कार्डाशिवाय चालणारी सोय म्हणजे इंटरनेट अर्काइव्हची ‘ओपन लायब्ररी’. ईमेल देऊन खातं उघडलं की स्कॅन केलेली पुस्तकं एका तासासाठी, काही १४ दिवसांसाठी उसनी मिळतात. मात्र प्रकाशकांनी २०२० मध्ये लावलेला दावा अर्काइव्ह हरलं आणि पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं बंद करावं लागलं. तिथे पुस्तकाचं पान दिसतं, पण उसनं घ्यायचं बटण दिसत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मराठी पुस्तकांसाठी ही उसनवारी बऱ्याचदा लागतच नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं मोकळी आहेत. हरि नारायण आपटे, गडकरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. नव्या लेखकांची पुस्तकं ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांच्या परवानगीने मोफत देतं. त्यात नंबर नाही, मुदत नाही. एकदा उतरवलेली पीडीएफ फोनमध्येच राहते आणि रेंज नसलेल्या गावातही उघडते.