फाटका क्यूआर कोडही वाचतो कसा?

https://example.com हा पत्ता 19 अक्षरी चिन्हांचा. प्रत्येक चिन्हाला आठ चौकटी लागतात. काळी म्हणजे 1, पांढरी म्हणजे 0. h होतो 01101000. (पुढे ठरावीक नक्षीनुसार काही चौकटी उलटवतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो सापडायचा नाही.)

मध्यम संरक्षणाच्या 25 × 25 चौकटींच्या कोडात आठ-आठ चौकटींचे 44 गट मावतात. त्यातले 28 मजकुराचे, उरलेले 16 त्याच मजकुरावरून रीड-सॉलोमन गणिताने काढलेले. ही नक्कल नव्हे. एका चुकीमागे दोन गट खर्ची पडतात: एक चूक कुठे ते शोधायला, दुसरा मूळ आकडा काढायला. म्हणून कोणतेही आठ गट बिघडले तरी पत्ता मिळतो. त्यापुढे खात्री नाही.

कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र या हिशेबाबाहेर. फोन त्यांच्यावरूनच कोड शोधतो, तेव्हा त्यांच्यावर स्टिकर लावू नका.