एका दिवशी पाच लसी, बाळाला झेपतात का?

दीड महिन्याच्या बाळाचं लसीकरण हा नव्या आईबापांच्या छातीत धडकी भरवणारा दिवस असतो. तोंडात पोलिओचे दोन थेंब, मग रोटाचा डोस, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकलची सुई आणि उजव्या दंडाच्या कातडीत इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा बारीकसा टोचा. सरकारी वेळापत्रकात हे सगळं एकाच दिवशी येतं. रात्री बाळ तापलं की आजी म्हणते, "एवढंसं लेकरू, एका दमात एवढं कसं सोसेल? दोन आज, दोन पुढच्या महिन्यात घ्यायला काय झालं होतं?"

या काळजीमागे एक समजूत असते, की बाळाची प्रतिकारशक्ती म्हणजे ठरावीक शिल्लक असून लसींवर ती खर्च होते. प्रत्यक्षात रक्तात असंख्य बी पेशी फिरत असतात आणि त्यांच्यातली प्रत्येक पेशी एकाच आकाराचा शत्रू ओळखते. घटसर्पाचं टॉक्सॉइड ओळखणारी पेशी धनुर्वाताकडे ढुंकूनही बघत नाही. लस आली की तिला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी दुपटीने वाढत जातात, बाकीच्या आपल्या जागी मोकळ्याच राहतात. काम वाटलेलंही असतं. डाव्या मांडीतली लस डाव्या जांघेतल्या लसीका गाठींकडे जाते, उजवीतली उजव्या, दंडातली काखेतल्या, तर तोंडावाटे दिलेल्या लसींचं काम आतड्यात चालतं.

पॉल ऑफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली रक्तातल्या बी पेशींच्या संख्येवरून हिशेब मांडला, की बाळ एका वेळी सुमारे दहा हजार लसींना प्रतिसाद देऊ शकेल. हा कागदावरचा अंदाज आहे, कुणी तसा प्रयोग केलेला नाही. पण पाच आणि दहा हजार यांतलं अंतर लक्षात घेण्याजोगं आहे.

याच चर्चेत आणखी एक दाखला हमखास येतो: पूर्वीच्या लसींत तीन हजारांवर प्रथिनं असत, आता जेमतेम दीड-दोनशे. हे अमेरिकेपुरतं खरं आहे, आपल्याकडे ते जसंच्या तसं सांगणं बरोबर नाही. आपल्या सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा अख्खा, मारलेला जिवाणू असतो आणि जवळपास तीन हजार प्रथिनं त्याचीच असतात. त्याच लसीतला कावीळ ब चा घटक म्हणजे मात्र एकच प्रथिन. अमेरिकेतली बाळंही 1990 च्या दशकापर्यंत अशीच अख्ख्या जिवाणूची लस घेत होती. रात्रीचा ताप बहुतेक वेळा याच घटकामुळे येतो, कारण त्या जिवाणूच्या आवरणातला एक पदार्थ शरीराला चटकन चिथावतो. म्हणजे लसी कमी केल्या तरी पेंटाव्हॅलंट असेल त्या दिवशी ताप येऊ शकतोच. खासगी दवाखान्यातल्या 'पेनलेस' लसीत जिवाणूचे निवडक तुकडेच असल्याने ताप कमी येतो.

लसींच्या भाराने बाळ इतर आजारांना बळी पडतं का, हेही तपासलं गेलं आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, लसींशी संबंध नसलेल्या जंतुसंसर्गामुळे दवाखान्यात जावं लागलेल्या 193 मुलांची तसा संसर्ग न झालेल्या 751 मुलांशी तुलना झाली. वयाच्या 23 महिन्यांपर्यंत लसींतून मिळालेले प्रतिजन मोजले, तर पहिल्या गटात सरासरी 241 आणि दुसऱ्यात 243 निघाले. फरक नाहीच म्हणायचा.

मग लसी एकमेकींच्या आड कधीच येत नाहीत का? येतात, आणि त्याचं उदाहरण याच दिवशी सापडतं. पोलिओचे थेंब आणि रोटा या दोन्ही जिवंत लसी आतड्यात वाढतात, त्यामुळे पहिल्या डोसला पोलिओ रोटाचा प्रतिसाद थोडा दाबतो. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले की ही तूट बरीचशी भरून निघते. हा एकाच जागेसाठीचा झगडा आहे. त्याने रोटाचा पहिला डोस थोडा कमी लागू पडतो, बाळाची प्रतिकारशक्ती थकत नाही.

लसी पुढे ढकलण्याची किंमत मात्र खरी आहे. डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो पहिल्या काही महिन्यांतच. एवढ्या लहान बाळाला कधी खोकल्याची ढास लागतही नाही, थेट श्वासच थांबतो. महिनाभराने घेऊ म्हणून ठेवलेली लस नेमक्या त्याच महिन्यात हवी असते.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. ताप येईल म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजू नका. तसं केल्याने काही लसींची प्रतिपिंडं कमी तयार झाल्याचं 2009 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. ताप आलाच, तर बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते नर्सताईंकडून आधीच विचारून घ्या. मांडीवरची सूज चोळू नका, शेकूही नका. बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं किंचाळत राहिलं, लुळं पडलं किंवा त्याला झटके आले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.