सहलीच्या ईमेलमधला आकडा कसा वाचावा

पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाला टूर कंपनीचा ईमेल येतो: ‘कोलाडला दोन दिवस, एक रात्र. 40 जण. माणशी 4,500 ते 6,000 रुपये.’ म्हणजे एकूण खर्च 1 लाख 80 हजार ते 2 लाख 40 हजार. मधला 60 हजारांचा फरक कशामुळे पडतो, हे चांगल्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

मोठा फरक पडतो तो खोल्यांमुळे. एका खोलीत तिघं राहिले तर 14 खोल्या पुरतात, दोघं राहिले तर 20 लागतात. बस, जेवण, राफ्टिंग आणि जीएसटी त्यात धरले आहेत का, हेही पाहावं. ‘कर वेगळा’ ही ओळ बहुधा अगदी तळाशी असते.

तारखा दोन-तीन दिलेल्या असाव्यात. शनिवार-रविवारी रिसॉर्टचे दर चढे असतात. गुरुवार-शुक्रवारी तीच खोली स्वस्तात मिळते. मात्र कोलाडचं राफ्टिंग धरणातून कुंडलिकेत सोडलेल्या पाण्यावर चालतं आणि ते बहुधा सकाळीच होतं. त्यामुळे पुण्याहून उशिरा निघणाऱ्या गटाने ते दुसऱ्या दिवशी ठेवावं.

शेवटी किमान संख्येची अट वाचावी. ‘किमान 36 जणांचे पैसे’ असं ठरलं आणि 32 जणच आले, तरी बिल 36 जणांचंच येतं. म्हणून आधी टीमकडून नावं पक्की करून घ्यावीत, मगच आगाऊ रक्कम भरावी.